पेटीतला रिले, तारेतलं ओझं : सीटीचा नी पॉइंट आणि खानदेशातली एक रात्र

आजच्या भागाचं हे लेखी रूप. ऐकताना आकडे निसटतात अशी काही जणांची तक्रार होती, म्हणून इथे ते सावकाश मांडतो.

मी मूळचा भडगावचा. गिरणेकाठी कापूस आणि केळी बघत मोठा झालो आणि पुढे आयुष्यभर रिले टेस्टिंगची पेटी घेऊन सबस्टेशनं फिरलो. आजची गोष्ट आमच्याच भागातल्या एका 33/11 केव्ही सबस्टेशनची आहे. त्याचं नाव घेत नाही, कारण चूक कुणा एकाची नव्हती. चूक खरं तर दोन काळ एकाच पॅनलच्या रांगेत उभे केल्याची होती.

झालं असं. एका शेती फीडरची तार तुटून कोरड्या बांधावर पडली. कोरड्या जमिनीतून करंट थोडाच गेला, म्हणून रिलेला काही कळलं नाही. तार जिवंत राहिली आणि एक बैल दगावला. माणूस वाचला हे नशीब. त्यानंतर त्या फीडरच्या अर्थ फॉल्ट रिलेचं सेटिंग 20 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आणलं गेलं. हेतू चांगला होता. रिले जास्त संवेदनशील झाला, असं सगळ्यांनाच वाटलं.

काही महिन्यांनी पावसात त्याच फीडरवर, सबस्टेशनच्या अगदी जवळ, इन्सुलेटर फुटला आणि जबर अर्थ फॉल्ट झाला. फीडरचा ब्रेकर उघडायला हवा होता. त्याऐवजी ट्रान्सफॉर्मरचा इनकमर उघडला आणि सगळी गावं अंधारात गेली. ऑपरेटर मला म्हणाला, “भाऊ, करंट थोडा होता तेव्हा रिले झोपला, आणि एवढा मोठा आला तेव्हाही उशीरच केला. मग सेटिंग कमी करून मिळवलं काय?”

या प्रश्नाचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागतं.

सीटी म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर. मुख्य तारेतला मोठा करंट तो ठरावीक प्रमाणात लहान करून रिलेला देतो. 200/5 चा सीटी असेल तर 200 अँपिअरचे 5 होतात. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे पंपावरून पटकन कळेल. समजा, एक पंप असा आहे की पाइप कितीही लांब असो, ठरलेलं पाणी तो ढकलणारच. मात्र पाइप जितका लांब आणि अरुंद, तितका हेड जास्त लागतो. सीटीचं तसंच आहे. ठरलेला करंट ढकलायला त्याला जो दाब, म्हणजे व्होल्टेज, निर्माण करावा लागतो, तो समोरच्या रोधावर ठरतो. या रोधालाच बर्डन म्हणतात, म्हणजे ओझं. त्यात कंट्रोल केबल येते आणि रिलेची कॉइल येते. सीटीच्या स्वतःच्या वाइंडिंगचा रोध बर्डनमध्ये धरत नाहीत, पण दाबाच्या हिशेबात तो मिळवावाच लागतो.

पंपाला हेडची मर्यादा असते, तशी सीटीच्या लोखंडी गाभ्याला असते. एका दाबापुढे गाभा चुंबकत्वाने भरून जातो. मग मुख्य करंटचा मोठा भाग गाभ्यालाच चुंबकत्व देण्यात खर्च होतो आणि रिलेकडे तुटका, टोकदार करंट जातो. यालाच सॅच्युरेशन म्हणतात. ते जिथे सुरू होतं तो नी पॉइंट, कारण आलेखाची रेघ तिथे गुडघ्यासारखी वाकते. त्याची रूढ व्याख्या अशी: व्होल्टेज 10 टक्के वाढवल्यावर चुंबकत्वाचा करंट 50 टक्के वाढतो, तो बिंदू.

या बिंदूची गरज कशी पडली, ते पाहण्यासारखं आहे. 1904 मध्ये इंग्लंडात चार्ल्स मर्झ आणि बर्नार्ड प्राइस यांनी एका पद्धतीचं पेटंट घेतलं. केबलच्या दोन्ही टोकांना सीटी बसवायचे आणि दोघांचे करंट जुळतात का, ते बघायचं. जुळले तर दोष बाहेर आहे, नाही जुळले तर आत. कल्पना सुरेख होती, पण एक अडचण होती. बाहेर जबर फॉल्ट झाला की दोन सीटींपैकी एखादा आधी सॅच्युरेट होई, करंट जुळत नसत, आणि निर्दोष केबल बंद पडे. म्हणजे “हा सीटी किती टक्के अचूक” एवढं विचारून भागेना. “हा किती दाबापर्यंत टिकतो” हे विचारणं भाग पडलं. पुढे ब्रिटिश मानकात यासाठी क्लास एक्स आला. आपल्या आयएस 2705 च्या चौथ्या भागात क्लास पीएस आला आणि आयईसी मानकात पीएक्स. या वर्गाच्या सीटीच्या पाटीवर नी पॉइंट व्होल्टेज थेट लिहितात.

साध्या फीडरच्या सीटीवर मात्र 5पी10, 15 व्हीए असं काही लिहिलेलं असतं. माझ्या त्या फीडरवर हेच होतं, गुणोत्तर 200/5. याचा अर्थ, 15 व्हीएच्या ओझ्यावर हा सीटी दहापट करंटपर्यंत तग धरेल आणि तिथवर एकूण चूक 5 टक्क्यांच्या आत राहील. 15 व्हीएला 5 च्या वर्गाने, म्हणजे 25 ने भागलं की 0.6 ओहम येतं. वाइंडिंगचा रोध मी मोजला, तो 0.15 ओहम निघाला. दहापट म्हणजे 50 अँपिअर. 50 गुणिले 0.75, म्हणजे 37.5 व्होल्ट. हा त्या सीटीचा जास्तीत जास्त हेड.

पाटीवर विश्वास टाकून मी थांबलो नाही. मुख्य पुरवठा बंद करून, सीटीच्या सेकंडरीला व्हेरिअ‍ॅकने हळूहळू व्होल्टेज दिलं. 34 व्होल्टला 0.8 अँपिअर घेतले, 37.4 ला 1.2 अँपिअर. व्होल्टेज 10 टक्के वाढलं आणि करंट 50 टक्के. म्हणजे नी पॉइंट 34 व्होल्टच्या आसपास आणि सीटी धडधाकट. उतरताना व्होल्टेज सावकाश शून्यावर आणायचं, नाहीतर गाभ्यात चुंबकत्व उरतं आणि पुढच्या फॉल्टला तो लवकर भरतो.

मग दोष कुठे? तो रिलेच्या प्लगमध्ये होता.

त्या फीडरवर जुना फिरत्या चकतीचा रिले होता. या रिलेला स्वतःच्या सेटिंगवर साधारण 3 व्हीए लागतात. सेटिंग कोणतंही ठेवा, चकती हलवायला तेवढे लागतातच. 20 टक्के सेटिंग म्हणजे 1 अँपिअर, तेव्हा कॉइलचा रोध 3 ओहम. 10 टक्के म्हणजे अर्धा अँपिअर. अर्ध्याचा वर्ग पाव, तेव्हा 3 भागिले पाव, 12 ओहम. सेटिंग निम्मं केलं आणि ओझं चौपट झालं.

केबल आणि फेजचा रिले मिळवून वाटेतला एकूण रोध साधारण 12.4 ओहम झाला. 37.5 व्होल्टचा सीटी त्यातून जेमतेम 3 अँपिअर ढकलू शकतो, म्हणजे सेटिंगच्या सहापट. (मोठ्या करंटला रिलेचं लोखंडही भरतं आणि रोध थोडा उतरतो, म्हणून हा हिशेब ढोबळ समजा.) फॉल्ट होता सुमारे 6000 अँपिअरचा. कागदावर रिलेला 20 पटीहून जास्त मिळायचे आणि 0.1 च्या टाइम सेटिंगवर तो 0.22 सेकंदात चालायचा. सहापटीला त्याच रिलेला 0.38 सेकंद लागतात. जुन्या ब्रेकरचे 0.08 धरले की 0.46.

आणि इनकमरवर? तिथे नुकताच नवा न्यूमेरिकल रिले बसवला होता. त्याचं ओझं नगण्य, म्हणून त्याला करंट पुरेपूर मिळाला आणि 0.44 सेकंदात त्याने आपलं काम केलं. शर्यत एका पापणीच्या अंतराने हरली. सेटिंग 20 टक्के असतं तर रिलेला अकरापट मिळाले असते, ब्रेकरसह 0.37 सेकंदात फीडर सुटला असता. ऑपरेटरच्या प्रश्नाचं उत्तर इथे होतं: तुटक्या तारेसाठी जे मिळवलं, ते मोठ्या फॉल्टला गमावलं.

उपाय म्हणून फीडरवरही न्यूमेरिकल रिले आला. आता 10 टक्के सेटिंग ठेवूनही ओझं वाढत नाही. तरी कोरड्या जमिनीवरची प्रत्येक तार पकडली जाईलच, असं कोणताही रिले सांगू शकत नाही.

इथे गोष्ट संपायला हवी, पण खानदेशाच्या विजेचा इतिहास ती संपू देत नाही. 1960 मध्ये वीज मंडळ स्थापन झालं. भुसावळजवळ दीपनगरचा पहिला संच 1968 चा. 1979 आणि 1982 मध्ये 210 मेगावॅटचे दोन संच आले आणि 2010 नंतर 500 मेगावॅटचे दोन. धुळ्यात 400 केव्हीचं सबस्टेशन उभं राहिलं. प्रत्येक भर पडली की जाळं बळकट होतं, आणि बळकट जाळं फॉल्टलाही जास्त करंट पुरवतं. माझ्या त्या सबस्टेशनात पूर्वी 3.15 एमव्हीएचा एकच ट्रान्सफॉर्मर होता आणि 11 केव्हीचा फॉल्ट 1500 अँपिअरच्या घरात. आता 5 एमव्हीएचे दोन समांतर आहेत, म्हणून 6000. सीटी मात्र तेच राहिले.

नव्या रिलेसह हिशेब करा. 6000 चे सेकंडरीला 150 अँपिअर. वाइंडिंग 0.15, केबल 0.15, रिले 0.02, बेरीज 0.32 ओहम. हवेत 48 व्होल्ट, आहेत 37.5. म्हणजे ओझं उतरवूनही सीटी सॅच्युरेट होणारच, आणि फॉल्टच्या पहिल्या काही सायकलमधला डीसी भाग तर यात धरलेलाच नाही. फीडरला हे चालून जातं, कारण उरलेला करंटही सेटिंगच्या कितीतरी पट असतो. फार तर एक-दोन सायकल उशीर.

पण मर्झ-प्राइसच्या वारसदारांना, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या रिस्ट्रिक्टेड अर्थ फॉल्टसारख्या संरक्षणाला, हे चालत नाही. तिथे सूत्र कडक आहे. एक सीटी पूर्ण सॅच्युरेट झाला असं मुद्दाम गृहीत धरायचं. मग तो नुसता एक रोध उरतो. दुसऱ्या सीटीला त्या रोधातून आणि केबलच्या दोन्ही तारांतून करंट ढकलायला किती व्होल्टेज लागेल ते काढायचं आणि रिले त्याच्या वर सेट करायचा. नी पॉइंट त्या सेटिंगच्या किमान दुप्पट. 5 एमव्हीए, 7.15 टक्के इम्पीडन्सचा ट्रान्सफॉर्मर घ्या. बाहेरचा फॉल्ट सुमारे 3670 अँपिअर. 300/1 चा सीटी असेल तर 12.2 अँपिअर. वाइंडिंग 2 ओहम, 70 मीटर केबलच्या दोन तारा 1 ओहम, म्हणून 37 व्होल्ट. नी पॉइंट किमान 74, आपण 80 मागू. हेच 5 अँपिअरच्या सीटीवर केलं, तर वाइंडिंगचा रोध 0.1 धरूनही 61 गुणिले 1.1, म्हणजे 67 व्होल्ट, आणि नी पॉइंट 134. कारण 1 ओहमची तीच केबल 1 अँपिअरला 1 व्हीए खाते आणि 5 अँपिअरला 25. यार्डातून लांब केबल असेल तर 1 अँपिअरचा सीटी घ्यावा, तो यासाठी.

आता मी कोणत्याही सबस्टेशनात गेलो की आधी पाटी वाचत नाही. आधी विचारतो, सीटी बसवला तेव्हा फॉल्ट किती होता आणि आज किती आहे. मग केबल किती मीटर, रिले कोणता, प्लग कुठे. पाटी वाचतो ती सगळ्यात शेवटी.

त्या ऑपरेटरने हा सगळा हिशेब लॉगबुकच्या मागच्या पानावर उतरवून घेतला आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: “प्लग हलवण्याआधी ओझं मोजा.” भेटू पुढच्या भागात.