घूस : फरशी व बागेच्या भिंतीखालील बिळे

घूस हा म्युरिडी कुलातील, म्हणजे उंदरांच्याच कुलातील, जमीन पोखरून राहणारा कृंतक प्राणी. महाराष्ट्रात घराभोवती तिच्या दोन जाती आढळतात. मोठी घूस (बँडिकोटा इंडिका) काळपट तपकिरी, राठ केसांची असते. तिचे वजन अर्धा ते एक किलो भरते. लहान घूस (बँडिकोटा बेंगालेन्सिस) साधारण पाव किलोची, आखूड तोंडाची असते आणि तिची शेपटी अंगापेक्षा आखूड असते. दोघीही चिडल्या की पाठीवरचे केस उभे करून गुरगुरतात. ऑस्ट्रेलियातले बँडिकूट हे पोटाला पिशवी असलेले प्राणी निराळे; त्यांचा घुशीशी काही संबंध नाही.

घरातला काळा उंदीर माळ्यावर, कौलांखाली, अडगळीत राहणे पसंत करतो, तर घूस जमिनीखाली राहते. त्यामुळे उंदराचा उपद्रव कुरतडलेल्या कपड्यांतून कळतो आणि घुशीचा खचलेल्या फरशीतून. लहान घूस धान्याची साठवण करते. भातखाचरांच्या बांधात तिच्या बिळांतून किलोभर किंवा त्याहूनही जास्त लोंब्या निघतात. मुंबई आणि कोलकात्याच्या धान्यगोदामांत हीच जात प्रामुख्याने आढळते. मोठी घूस गटारे, उकिरडे, गोठे आणि बागा धरून राहते.

बीळ कोठे व का. घुशीला मऊ, ओलसर माती आणि डोक्यावर न ढासळणारे छप्पर हवे असते. जोत्यातला भराव तिला हे दोन्ही आयते देतो. भराव घालताना तो थर देऊन, पाणी मारून ठोकलेला नसला की वर्षा-दोन वर्षांत खाली बसतो आणि कोब्याखाली पोकळी राहते. त्यात मोरीच्या किंवा संडासाच्या पाइपाचा सांधा गळत असेल तर ओलही मिळते. बागेच्या भिंतीची गोष्ट याहून सोपी आहे. कुंपणभिंतीचा पाया बहुधा उथळ असतो आणि आतल्या बाजूने आळ्यांना रोज पाणी घातले जाते. भिंत छपराचे काम करते, फुलझाडांची माती खणायला मऊ असते आणि पलीकडे गटार असतेच. खतासाठी पुरलेला स्वयंपाकघरातला ओला कचरा म्हणजे वर जेवणाचीही सोय. ‘घुशीने घर पोखरले’ असे म्हणतात खरे, पण बहुतेक ठिकाणी गळका सांधा आणि कच्चा भराव आधीचे असतात, घूस नंतरची.

बिळाला एकाहून अधिक तोंडे असतात. एखाद्या तोंडाशी उकरलेल्या मातीचा ढीग दिसतो. बाकीची तोंडे झुडपात, पायरीखाली, चेंबरच्या कडेला दडलेली असतात. लहान घूस आत असताना बीळ सैल मातीने बंद करून घेते, त्यामुळे वरून बंद दिसणारे बीळ रिकामे समजू नये. वावर आहे की नाही हे ताडण्याचा साधा उपाय असा : संध्याकाळी प्रत्येक तोंडात वर्तमानपत्राचा बोळा हलका खोवून ठेवावा आणि सकाळी पाहावे. बोळा ढकललेला किंवा ओढून नेलेला असला, की बीळ वापरात आहे. असे सलग तीन रात्री केल्यावर कोणते तोंड खरे येण्या-जाण्याचे आहे, तेही कळते. घरात फरशी नाण्याने ठोकत जावे. पोकळ जागी आवाज भदभदा येतो, आणि पोकळीचा आकार खडूने आखून घेता येतो.

बंदोबस्त. तळमजल्यावर मोरीलगतच्या चार-पाच फरशा खचल्या आहेत आणि बाहेर जास्वंदीच्या आळ्यात मातीचा ढीग आहे, असे नेहमीचे उदाहरण घेऊ. येथे लोक खचलेली फरशी उचलतात, खड्ड्यात काचा आणि सिमेंट ओततात व फरशी पुन्हा बसवतात. त्याने ते तोंड बुजते, पण पोकळी तशीच राहते. घूस आत असेल तर ती दुसरीकडून वर येते किंवा आतच मरून पंधरवडाभर घर घाणीने भरते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी घूस बाहेर काढावी, मग वाट बंद करावी, आणि फरशी सर्वांत शेवटी बसवावी. प्रथम चेंबर उघडून मोरीत बादलीभर पाणी ओतावे. ओतलेल्या मानाने चेंबरात पाणी कमी आले तर सांधा फुटलेला आहे. कचरा पुरणे थांबवावे आणि कुत्र्या-मांजरांची ताटली रात्री आत घ्यावी. वावराचे तोंड सोडून बाकीची तोंडे दगड-मातीने दाबावीत, आणि उघड्या तोंडाशी मजबूत पिंजरा लावावा. उंदराचा लहान पिंजरा मोठ्या घुशीला पुरत नाही. आमिष म्हणून सुकी मासळी, भजी किंवा भाजलेले खोबरे चालते. पहिल्या दोन रात्री दार उघडेच बांधून, नुसते खाणे ठेवावे, कारण घूस नव्या वस्तूला बिचकते. बोळे सलग तीन रात्री जागचे हलले नाहीत, की फरशा उचलाव्यात.

मग पाइपाचा सांधा बदलावा. पोकळी पूर्ण उघडी करून मुरूम 15 सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी मारत, धुमसाने ठोकून भरावा. त्यावर 10 सेंटिमीटर जाडीचे 1:2:4 प्रमाणाचे काँक्रीट घालावे आणि पाइप जमिनीत शिरतो तेथे भोवतालची फट याच काँक्रीटने घट्ट भरावी. घुशीचे दात कच्चा चुना, लाकूड व प्लॅस्टिक कुरतडतात. नीट पाणी मारून पक्के झालेले काँक्रीट त्यांना दाद देत नाही. मोरीच्या तोंडावर स्क्रूने घट्ट बसणारी जाळी हवी, नुसती ठेवलेली नको.

बागेच्या भिंतीला आडोसा जमिनीखाली लागतो. घूस ज्या बाजूने खणते त्या बाजूने भिंतीलगत 60 सेंटिमीटर खोल चर खणावा आणि 12 मिलिमीटरपेक्षा बारीक छिद्रांची, जस्ताचा मुलामा दिलेली वेल्डेड तारेची जाळी भिंतीला चिकटवून उभी सोडावी. तळाशी ती भिंतीपासून दूर, बाहेरच्या अंगाला 30 सेंटिमीटर वळवून आडवी पसरावी. घूस भिंतीलगत सरळ खाली खणत जाते. आडव्या जाळीवर आली की मागे सरून दूरवर खणण्याचे तिला बहुधा सुचत नाही. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ षटकोनी जाळी येथे टिकत नाही, कारण ती ओल्या मातीत लवकर गंजते. भिंतीपासून अर्धा मीटर पट्टा झाडांविना, खडीचा ठेवला, तर नवा ढीग लगेच नजरेस येतो.

विष व धोके. झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमॅडिओलोन यांची आमिषे शेताच्या बांधावर उपयोगी पडतात, पण फरशीखालच्या घुशीसाठी ती नकोत. मेलेला प्राणी हाती लागत नाही, आणि विष खाल्लेली घूस मांजर वा घुबडाच्या पोटात गेली तर तेही दगावू शकते. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घराच्या आसपासच्या बिळात कधीही टाकू नयेत. ओल लागताच त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. तो बिळातून आणि फरशीच्या फटींतून निजलेल्या माणसांपर्यंत पोहोचतो, आणि त्याने माणसे मेलेली आहेत. मिरचीची धुरी, डांबरगोळ्या किंवा आवाज करणारी विजेची यंत्रे घूस फार तर काही दिवस दूर ठेवतात. घुशीच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरतात, म्हणून बीळ उकरताना रबरी हातमोजे व बूट घालावेत, आणि पायाला जखम असल्यास ते काम दुसऱ्यावर सोपवावे.

पावसाळ्यात शेतातली व गटारातली बिळे बुडतात आणि घुशी उंच जोत्यांकडे सरकतात. त्यामुळे जाळी व सांधे मे महिन्यात तपासावेत, आणि ऑक्टोबरात भिंतीलगत नवी माती दिसली तर सर्वांत आधी चेंबर उघडून पाहावा.