एलईडी बल्ब, ट्यूब घेताना वॉट नव्हे, आधी लुमेन बघा!

‘नऊ वॉटचा द्या’ किंवा ‘वीसची पट्टी द्या’, असं सांगून बल्ब-ट्यूब घ्यायची सवय अजून गेलेली नाही. पिवळ्या काचेच्या बल्बच्या काळात ती चालून जात होती. साठचा बल्ब कुठल्याही कंपनीचा घेतला तरी उजेड जवळपास सारखाच पडायचा. एलईडीत तसं राहिलेलं नाही. वॉट म्हणजे दिवा किती वीज खातो ते. उजेड किती देतो ते लुमेनवर कळतं. आणि दिवा किती दिवस टिकेल, हे आतल्या ड्रायव्हरवर ठरतं.

लुमेनचा हिशोब

जुना ६० वॉटचा बल्ब साधारण ७०० लुमेन उजेड द्यायचा. चांगला ९ वॉटचा एलईडी ९०० लुमेनच्या आसपास देतो. पण ९ वॉट असं लिहिलेला प्रत्येक बल्ब एवढा उजेड देईलच असं नाही. एखादा ७२० वरच थांबतो. म्हणून खोक्यावरच्या लुमेनला वॉटने भागावं. ९०० भागिले ९ म्हणजे वॉटमागे १०० लुमेन, हा आकडा चांगला. ७२० भागिले ९ म्हणजे फक्त ८०. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या लेबलवरचे तारेही याच भागाकारावर मिळतात. जास्त तारे म्हणजे तेवढ्याच विजेत जास्त उजेड. खोक्यावर लुमेन छापलेलेच नसतील, तर तो दिवा परत ठेवलेला बरा.

समजा, खानापूर भागातल्या एका घरात १० बाय १२ फुटांची खोली आहे आणि तिथली जुनी ३६ वॉटची ट्यूब बदलायची आहे. जुना तांब्याचा चोक स्वतःही वीज खातो, त्यामुळे ती ट्यूब प्रत्यक्षात ४८ वॉटच्या आसपास ओढते. रोज सहा तास लावली तर वर्षाला सुमारे १०५ युनिट जातात. तिच्या जागी २० वॉटची एलईडी पट्टी बसवली की ४४ युनिट होतात. म्हणजे ६१ युनिटची बचत झाली.

आता दुकानात दोन पट्ट्या समोर आल्या. एक २० वॉटची, १६०० लुमेन. दुसरी १८ वॉटची, २००० लुमेन. ‘वीस मोठी’ म्हणून गिऱ्हाईक पहिली उचलतं. खरं तर दुसरी पट्टी सव्वापट उजेड देते आणि वर्षाला चार युनिट कमीच खाते.

मात्र २००० लुमेन सगळेच्या सगळे टेबलावर पोचत नाहीत. भिंती आणि छत पांढरे असले तरी साधारण निम्मा उजेड खाली कामाला येतो. हजार लुमेन ११ चौरस मीटरवर पसरले की दर चौरस मीटरला ९० लुमेन, म्हणजेच ९० लक्स पडतात. बसाय-उठायला तेवढं पुरतं. पोरांच्या अभ्यासाला ३०० लक्सच्या आसपास लागतात. त्यासाठी खोलीत दुसरी मोठी ट्यूब लावायची गरज नाही. टेबलावर हात-दीड हात उंचीवर शेड लावलेला ९ वॉटचा दिवा ठेवला की वहीवर पुरेसा उजेड पडतो.

पिवळा की पांढरा?

उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ४००० मधला आणि ६५०० म्हणजे निळसर पांढरा. इथं थोडं उलटं आहे. आकडा जितका मोठा तितका उजेड थंड दिसतो. ६५०० चा दिवा डोळ्याला जास्त लख्ख वाटतो, म्हणून दुकानात तोच जास्त खपतो. पण लख्ख वाटणं वेगळं आणि जास्त लुमेन असणं वेगळं. खोक्यावरचे लुमेन सारखे असतील तर उजेड तितकाच पडणार.

स्वयंपाकघर आणि अभ्यासाच्या टेबलाला ४००० बरा पडतो. झोपायच्या खोलीत रात्री निळसर उजेड झोप लांबवतो, म्हणून तिथं ३००० लावावा. पडवीतही पिवळाच सोयीचा, कारण पावसाळ्यात त्याच्याभोवती किडे कमी जमतात. एकाच खोलीत एक पिवळा आणि एक ६५०० चा असे दोन दिवे मात्र लावू नयेत. दोन्हीकडच्या वस्तूंचे रंग वेगळे दिसतात आणि खोली विचित्र वाटते. खोक्यावर सीआरआय ८० किंवा जास्त असेल तर साडीचा, भाजीचा रंग बराचसा खरा दिसतो.

सहा महिन्यांत बल्ब का जातो?

बंद पडलेल्या बल्बमधले एलईडीचे दाणे बऱ्याचदा चांगले असतात. गेलेला असतो तो ड्रायव्हर. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेतून दाण्यांना कायम सारखा करंट पुरवायचं काम तो करतो. चांगल्या ड्रायव्हरमध्ये त्यासाठी छोटी कॉइल आणि कपॅसिटर असतात. स्वस्तातल्या दिव्यात बऱ्याचदा दाण्यांच्याच पत्र्यावर एक छोटी आयसी लावून काम भागवलेलं असतं. ही सोय शहरात निभावते. संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या आणि व्होल्टेज १७० वर आलं की असा दिवा मंद होतो. व्होल्टेज चढलं की जादाची वीज उष्णतेत जाते आणि पत्रा तापतो.

दुसरा शत्रू म्हणजे उष्णता. कपॅसिटरचं तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणूनच पूर्ण बंद काचेच्या गोळ्यात लावलेला बल्ब उघड्या होल्डरमधल्या बल्बच्या आधी जातो. तिसरं कारण विजेचा धक्का. खानापूर, चंदगड, सत्तरी पट्ट्यात वळवाच्या कडकडाटात आणि गेलेली लाइट परत येताना हा धक्का बसतो.

म्हणून खोक्याच्या मागच्या बाजूला तीन गोष्टी वाचाव्यात. व्होल्टेजची मर्यादा १०० ते ३०० अशी रुंद असेल तर गावाकडे उपयोग होतो; नुसतं २२० ते २४० असेल तर जपून. सर्ज प्रोटेक्शन २.५ केव्ही किंवा त्याहून जास्त असावं. जवळ वीज पडली तर कुठलाच बल्ब वाचेल याची खात्री नाही, पण रोजचे छोटे धक्के तो सोसतो. तिसरी गोष्ट, बल्बवर आयएस १६१०२ आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. हा क्रमांक मोबाइलवर ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की तो कुठल्या कंपनीचा आहे ते दिसतं. खोक्यावरचं नाव आणि अ‍ॅपमधलं नाव जुळलं नाही तर माल संशयास्पद समजावा.

दुकानात आणखी एक चाचणी करता येते. बल्ब लावून घ्यावा आणि मोबाइलचा कॅमेरा त्यावर धरावा. पडद्यावर जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतोय, म्हणजे ड्रायव्हर हलका आहे. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही, पण अशा उजेडात बराच वेळ वाचलं की काहींचं डोकं दुखतं.

जुन्या पट्टीत नवी ट्यूब

चोकच्या जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब नुसती अडकवू नये. काही ट्यूबना सरळ २३० व्होल्टची जोडणी लागते, काहींना स्टार्टर बदलावा लागतो. ट्यूबसोबतच्या कागदावर आकृती असते. ती वायरमनला दाखवून, मेन स्विच बंद करूनच बदल करून घ्यावा.

वॉरंटीसाठी पक्कं बिल जपून ठेवावं. चंदगडच्या माणसाने बेळगावच्या बाजारातून दिवा घेतला, तर बदलून घ्यायला बहुधा त्याच दुकानात जावं लागतं. त्यामुळे बिलावर तारीख आणि दुकानाचा शिक्का आहे ना, हे पैसे देतानाच बघून घ्यावं.