मिशनऱ्यांची कागदपत्रे कशी वाचायची? पंडिता रमाबाईंच्या पत्रांचे उदाहरण

एखाद्या शोधनिबंधात 'पंडिता रमाबाई स्वभावाने हट्टी होत्या आणि ख्रिस्ती झाल्यावरही जातीचा अभिमान सोडत नव्हत्या' असे वाक्य आले आणि खाली 1880च्या दशकातल्या एका पत्राचा संदर्भ असला, तर वाचणाऱ्याला ते खरेच वाटते. पत्र खरे असते, तारीख खरी असते, शब्दही बहुतेक तसेच असतात. अडचण अशी की हे रमाबाईंबद्दलचे मत आहे आणि ते त्यांना सुधारू पाहणाऱ्या व्यक्तीचे आहे.

धर्मांतराच्या इतिहासावर लिहिताना मिशनच्या दप्तराशिवाय गत्यंतर नसते. मिशनरी भरपूर लिहीत आणि लिहिलेले जपून ठेवत. ज्यांच्याबद्दल ते लिहीत, त्यांचे कागद मात्र क्वचितच टिकले. म्हणून हे दप्तर टाकून देता येत नाही आणि जसेच्या तसे उतरवूनही घेता येत नाही. रमाबाईंचे उदाहरण इथे उपयोगी पडते, कारण त्यांच्या बाबतीत दोन्ही बाजूंची पत्रे एकाच संग्रहात सापडतात.

संग्रह कोणी केला?

रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या. वांटेज या गावी अँग्लिकन भगिनींचा एक संघ होता, त्याच्या शाखेचे काम पुण्यातही चाले. तिथे त्या राहिल्या. डॉक्टर होण्याचा विचार कमी ऐकू येत असल्याने मागे पडला. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी आणि त्यांची लहान मुलगी मनोरमा हिने बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धार्मिक शिक्षणाची जबाबदारी सिस्टर जेराल्डिन यांच्याकडे होती. पत्रांमध्ये या बाई 'आजीबाई' म्हणूनही येतात, म्हणजे नाते प्रेमाचे होते. पण पुढची काही वर्षे दोघींमध्ये सतत वाद झाले. ट्रिनिटीच्या सिद्धांतावर झाले, चर्चच्या अधिकारावर झाले, अगदी जेवणावरूनही झाले.

ही पत्रे पुढे सिस्टर जेराल्डिन यांनीच गोळा केली, लावली आणि त्यांना स्वतःच्या टिपणांची जोड दिली. त्या संकलनावर आधारलेले, अ. भि. शहा यांनी संपादित केलेले पुस्तक 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले. आज बहुतेक अभ्यासक तेच वापरतात. म्हणजे भांडणातल्या एका पक्षाने दोन्ही पक्षांची फाइल तयार केली आहे. पुस्तक त्यामुळे निरुपयोगी ठरत नाही. उलट जेराल्डिनबाईंनी आपल्याला न पटणारी, कधी झोंबणारी पत्रेही ठेवली, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानायला हवे. मात्र पत्र आणि त्यावरचे टिपण हे वेगळ्या काळातले दोन पुरावे आहेत. निबंधात त्यांचे संदर्भही वेगळे द्यावे लागतात.

'अभिमान' म्हणजे नेमके काय घडले?

मिशनच्या कागदांत काही शब्द पुन्हा पुन्हा येतात: गर्व, जातीचा पूर्वग्रह, अवज्ञा. असा शब्द दिसला की त्यामागची प्रत्यक्ष घटना शोधणे ही पहिली पायरी. रमाबाईंच्या बाबतीत ती घटना साधी आहे. त्या शाकाहारी होत्या आणि बाप्तिस्म्यानंतरही शाकाहारीच राहिल्या. त्यांचे खाण्यापिण्याचे नियम वांटेजमध्ये जुन्या धर्माचा अवशेष मानले गेले. रमाबाईंनी यावर जे उत्तर दिले त्याचा आशय असा: माझे सगळे पूर्वग्रह गेले आहेत असे मी म्हणत नाही, पण एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला गेली आणि कोणाला त्रास न देणाऱ्या आपल्या सवयी तिने सोडल्या नाहीत, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हटलेले चालेल का?

क्रुसावरच्या अक्षरांचा वादही असाच आहे. लॅटिन मजकुराऐवजी त्यांना संस्कृत हवे होते. लॅटिन आपल्या लोकांना कळत नाही आणि ती संस्कृतपेक्षा श्रेष्ठ कशी, हा त्यांचा सवाल होता. ख्रिस्ती होण्यासाठी इंग्रजही व्हावे लागते का, हा दोन्ही प्रसंगांमागचा प्रश्न आहे. 'गर्व' हा शब्द तसाच उचलला तर हा प्रश्न निबंधातून नाहीसा होतो. (संस्कृतही त्या काळी फार थोड्यांना कळत असे, हे रमाबाईंच्या उत्तरातही सुटले आहे. पूर्वग्रह तपासायचा तर दोन्हीकडचा.)

बिशपांचा दावा बाहेरून तपासला तर

त्यानंतर रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात राहिल्या. तिथल्या प्राचार्य डोरोथिया बील यांना वाटत होते की रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे. मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी विरोध केला. परक्या पुरुषांना शिकवले तर भारतात परतल्यावर स्त्रियांमध्ये त्यांचे वजन राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे. हे वाचताना वाटते की भारतात राहिलेली माणसे अनुभवाने सांगत आहेत.

इथे मिशनच्या दप्तराबाहेर पडावे लागते. इंग्लंडला जाण्याआधीच रमाबाईंनी कलकत्त्यात आणि पुण्यात पुरुषांच्या सभांसमोर व्याख्याने दिली होती, 1882 मध्ये आर्य महिला समाज स्थापन केला होता. त्याच वर्षी त्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्षही दिली होती. म्हणजे बिशप ज्याला भारतीय समाजाची मर्यादा म्हणत होते, ती रमाबाईंनी आधीच ओलांडली होती. त्यांच्यावर टीका झाली हे खरे, पण त्यांचे वजन संपले नव्हते. त्यामुळे बिशपांचे पत्र भारतीय स्त्रियांविषयीचा पुरावा म्हणून कमकुवत ठरते. एका नवख्रिस्ती स्त्रीबद्दल निर्णय कोण घेत होते, याचा पुरावा म्हणून ते भक्कम आहे.

सरकारी कागदालाही हीच कसोटी. आयोगाच्या अहवालातली रमाबाईंची साक्ष त्यांच्या मराठी बोलण्याचे इंग्रजी भाषांतर आहे आणि ती आयोगाने ठरवलेल्या प्रश्नांच्या चौकटीत आहे. स्त्री-डॉक्टर आणि स्त्री-निरीक्षक हव्यात ही त्यांची मागणी तिथे दिसते. आयोगाने जे विचारलेच नाही, त्यावर त्यांचे मत नव्हते असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही.

स्वतःचे शब्द, पण कधीचे?

यावर सोपा उपाय वाटतो: रमाबाईंनी स्वतः लिहिलेलेच वापरावे. पण 1883 साली प्रसिद्ध झालेले 'इंग्लंडचा प्रवास' हे लेखन इकडच्या साशंक मराठी वाचकांना उद्देशून आहे. 1885 च्या मे महिन्यातले पत्र जेराल्डिनबाईंना आहे. एका पुरोहितवर्गाचे जोखड नुकतेच उतरवले असताना दुसरे मानेवर घ्यायचे नाही, असे त्यात ठणकावून सांगितले आहे. आणि इंग्रजीतले आत्मकथन 1907 चे, मुक्ती मिशनमधल्या 1905 च्या धार्मिक पुनरुज्जीवनानंतरचे. त्यात आधीचे सगळे आयुष्य एका निश्चित श्रद्धेकडे चाललेल्या वाटेसारखे दिसते. 1883 मध्ये त्यांच्या मनात काय होते हे 1907 च्या पुस्तकावरून सांगायचे, तर 'चोवीस वर्षांनी त्यांनी असे आठवले' इतके तरी लिहावे लागते.

मराठी वृत्तपत्रेही तटस्थ नव्हती. 1893 च्या सुमारास शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती केले जाते असा गदारोळ उठला, तेव्हा 'केसरी' स्वतः त्या वादात उतरला होता.

सुरुवातीचे वाक्य मग असे लिहिता येईल: 'शाकाहार सोडण्यास आणि लॅटिन क्रूस घालण्यास रमाबाईंनी नकार दिला, सिस्टर जेराल्डिन यांनी त्यास गर्व मानले, रमाबाईंनी तो आपल्या विवेकाचा प्रश्न मानला.' त्याखाली दोन तळटीपा येतील, एक जेराल्डिनबाईंच्या लेखनाची आणि एक रमाबाईंच्या पत्राची.