पहिली जून आणि झिजलेला आकडा

सुरगाणा, १ जून २०२५

ती. मामांस,

आज तुमचा वाढदिवस, म्हणजे कागदावरचा. गेल्या दिवाळीत तुम्ही माझ्या मुलांना पुन्हा सांगितलंत, की तुमचा जन्म १९६१ चा आणि गुरुजींनी तुम्हाला चार वर्षांनी म्हातारं करून ठेवलं. यंदा म्हटलं, चौकशी करूनच पत्र लिहावं.

कागद काय म्हणतो ते आधी. शाळेच्या जनरल रजिस्टरात तुमचं नाव जून १९६३ मध्ये चढलं. पहिलीला सहा पूर्ण लागायची, म्हणून गुरुजींनी सहा वजा केली आणि १ जून १९५७ लिहून टाकलं. त्या पानावर सलग नऊ पोरांची जन्मतारीख हीच आहे. पाड्यावर तेव्हा जन्माची नोंद कोण करणार? गुरुजींची खरी कसोटी वेगळीच होती. उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायचा, पोचला की पोरगं सहा वर्षांचं. त्यात मोजला जातो तो हात, वय नव्हे. लांब हातांचं पोर पाचव्या वर्षीही कान धरतं, आणि तुमचे हात अजून ताडासारखे. तेव्हा गुरुजींनी तुम्हाला थोडं मोठं केलं असेल, हे मला मान्य. पण १९६१ चा जन्म धरला तर तुम्ही दोन वर्षांचे असताना कान धरलात. मामा, त्या वयात नाकसुद्धा कोणी दुसऱ्यानं पुसावं लागतं.

थोरल्या मामांना विचारलं. ते संस्थान खालसा झालं त्या वर्षाचे, म्हणजे १९४८ चे. सुरगाण्याचं राज्य गेल्याची त्यांना आठवण नाही, पण ते आपल्याच जन्मामुळे गेल्यासारखं सांगतात. म्हणाले, "तो माझ्याहून दहा वर्षांनी लहान." मी खूश झालो, १९५८ निघालं. मग कळलं, ते सगळ्यांनाच दहा वर्षं लावतात. बैल, विहीर, धाकटी बहीण, सगळं दहा.

मावशीला तुमचं वय विचारलं तर ती आपल्या लग्नात शिरली. दाखल्यावर अठरा होते, खरी पंधराची होते, आणि पाटल्या कुठे गेल्या, इथपर्यंत आली. तुमचा विषय निघालाच नाही. आईचं म्हणणं मात्र एकच: "दादा माझ्याआधी चालायला लागला." तिच्या दाखल्यावर १ जून १९६० आहे. तीही गुरुजींचीच तारीख, तेव्हा पुरावा लंगडा. तरी तुमचं खरं धरलं तर तुम्हीच तिच्या पाया पडायला हवं. ती तयार आहे.

उपयोगाचं सांगून गेली ती आजी. तुम्ही झालात तेव्हा वरई कापून खळ्यावर आली होती, जूनचा तर प्रश्नच नाही. सुईणीला चार आणे ठरले होते. आजोबांनी बाजारातून आणलेले नवे पैसे मोजून दिले, पंचवीस. सुईण भडकली. चार आण्याचे पैसे सोळा, हे तिला पक्कं ठाऊक. हा माणूस पंचवीस देतो आणि तेही गुंडीएवढे, म्हणजे नाणी खोटी! तिनं सगळे परत केले आणि नागली घेतली. नवे पैसे चालू झाले १ एप्रिल १९५७ ला. म्हणजे त्याआधी तुम्ही नक्की झालेला नाहीत. त्या वर्षीच्या सुगीत झाला असाल तर गुरुजींनी तुमचे पाचेक महिनेच खाल्ले, पुढच्या वर्षीचे असाल तर सतरा. यापलीकडे मला जाता येत नाही.

आता तुमचं खरं दुखणं. पहिल्या तारखेला जन्मलेला सरकारी माणूस आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून तुम्ही ३१ मे २०१५ ला हार घालून घरी आलात. गुरुजींनी २ जून लिहिलं असतं तर जूनचाही पगार मिळाला असता. याबद्दल तुम्ही त्यांना शिव्या द्याव्यात, मी साथ देतो. तारीख दुरुस्त करायला नोकरी लागल्यापासून पाच वर्षं मिळतात. तुम्हाला तरुण झाल्याचं पंधराव्या वर्षी लक्षात आलं.

आणि एसटीत? कंडक्टरला आधार कार्ड दाखवून तीन वर्षं अर्धं तिकीट काढताय. तिथे ६८ आणि आमच्या अंगणात ६४. २०३२ साली फुकट होईल तेव्हा कुठलं वय सांगणार, ते मी आत्ताच लिहून ठेवतो.

आजीच्या पितळी डबीत त्या पंचविसातला एक पैसा सापडला. वरचं साल अर्धं झिजलंय. १९५ स्पष्ट दिसतं, पुढचा आकडा मला सात वाटतो, आईला आठ. तुम्ही याल तेव्हा भिंग आणा. एकाचा आकडा मात्र त्यात बसत नाही, मी उन्हात धरूनही बघितलं.

आपला भाचा