अधोरेखित क्रियापदाचा काळ ओळखताना : प्रस्तावना

नागपुरात दुपारी कुणाला फोन करून ‘काय करून राहिला?’ असे विचारले, तर उत्तर येते, ‘जेवून राहिलो.’ ताट समोर आहे, घास हातात आहे, आणि तरीही ‘राहिलो’ हे रूप भूतकाळाचे आहे. आईने हाक मारल्यावर ‘आलोच’ म्हणणारे पोर अजून जागचे हललेलेही नसते. येणे पुढे घडायचे आहे, रूप मात्र घडून गेलेल्या क्रियेचे आहे. उलट ‘मी उद्या मुंबईला जातो’ या वाक्यात रूप वर्तमानाचे आणि प्रवास उद्याचा.

क्रियापदाचे रूप आणि क्रियेची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या व्याकरणकारांनी चांगले ओळखले होते. म्हणून त्यांनी आख्यातांना प्रत्ययांवरून नावे दिली. ‘ल’ असेल तर लाख्यात, ‘त’ असेल तर ताख्यात. ‘आलो’ हे लाख्यातच, मग येणारा काल आलेला असो की आत्ता निघणार असो. इंग्रजी वाक्यातल्या अधोरेखित क्रियापदाचा काळ ओळखायला बसणाऱ्या विद्यार्थ्याने ही दृष्टी सोबत घ्यावी, एवढ्यासाठी सुरुवात मराठीपासून केली.

हा प्रश्न शाळेच्या चाचणीपासून स्पर्धा परीक्षेपर्यंत भेटत राहतो. वाक्य छापलेले असते, त्यातल्या दोन-तीन किंवा चार शब्दांखाली रेघ असते आणि विचारलेले असते, काळ कोणता? नागपूर विभागीय मंडळाच्या कक्षेत नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे सहा जिल्हे येतात. इथली मराठी माध्यमाची मुले या प्रश्नाकडे बहुधा एकाच वाटेने जातात. आधी वाक्याचा मराठीत अर्थ लावायचा, मग त्या मराठी वाक्याचा काळ ओळखायचा आणि तेच उत्तर इंग्रजीवर लिहायचे. ही वाट अनेकदा योग्य ठिकाणी पोचवते, म्हणूनच ती धोक्याची आहे. जिथे चुकते तिथे विद्यार्थ्याला आपण कुठे चुकलो हे कळत नाही.

‘आय हॅव बीन लिव्हिंग इन नागपूर फॉर टेन इयर्स’ हे वाक्य पाहा. मराठीत आपण ‘मी दहा वर्षांपासून नागपुरात राहतो’ किंवा ‘राहत आहे’ असे म्हणतो. हे मराठी वाक्य बरोबर आहे, भाषांतरही उत्तम आहे. पण त्यावरून काळ ठरवला तर उत्तर साधा वर्तमान किंवा चालू वर्तमान असे येईल आणि दोन्ही चुकतील. तेव्हापासून आत्तापर्यंतचा हा पट्टा मराठी नुसत्या वर्तमानात सांगते, तर इंग्रजी त्यासाठी ‘हॅव बीन’ असे वेगळे रूप वापरते. भाषांतरात ते रूप विरघळून जाते आणि प्रश्न तर नेमका त्या रूपाबद्दलच असतो.

म्हणून रेघेखालच्या शब्दांकडेच पाहायचे, तेही डावीकडून उजवीकडे. इंग्रजी क्रियापदसमूहात काळ फक्त पहिला शब्द सांगतो. ‘हॅव’, ‘हॅज’, ‘इज’, ‘आर’, ‘डू’ हे वर्तमानाचे; ‘हॅड’, ‘वॉज’, ‘वेअर’, ‘डिड’ हे भूताचे; ‘विल’ आणि ‘शॅल’ शाळेच्या हिशेबाने भविष्याचे. पुढचे शब्द काळ सांगत नाहीत, प्रकार सांगतात. आणि प्रत्येक सहायक क्रियापद आपल्या लगेच पुढच्या शब्दाचे रूप ठरवते. ‘हॅव’च्या पुढे तिसरे रूप येते आणि प्रकार पूर्ण होतो. ‘बी’च्या कुठल्याही रूपापुढे आयएनजी आले तर प्रकार चालू असतो, त्याच ‘बी’पुढे तिसरे रूप आले तर प्रयोग कर्मणी असतो. ‘विल’ आणि ‘डिड’ यांच्यापुढे मूळ रूप येते. नोम चॉम्स्की यांनी 1957 साली ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ या छोट्या पुस्तकात या साखळीचा क्रम एका सूत्रात मांडला: आधी ‘विल’सारखे क्रियापद, मग ‘हॅव’, मग ‘बी’, शेवटी मुख्य क्रियापद. मधले कोणतेही गळू शकते, पण क्रम बदलत नाही. आधुनिक भाषाविज्ञानातली एक गाजलेली मांडणी वर्गातल्या या साध्या प्रश्नाला इतकी थेट लागू पडते, याचा आनंद मला अजूनही होतो.

आता कळमन्याच्या बाजारात शोभतील अशी तीन वाक्ये घेऊ. पहिले, ‘द वर्कर्स हॅव बीन पॅकिंग ऑरेंजेस’. दुसरे, ‘द ऑरेंजेस हॅव बीन पॅक्ड’. तिसरे, ‘द ऑरेंजेस आर बीइंग पॅक्ड’. पहिल्या दोन्हींत ‘हॅव बीन’ आहे आणि ते दिसताच चालू पूर्ण काळ लिहून मोकळी होणारी मुले पुष्कळ असतात. साखळी उलगडू. पहिल्या वाक्यात ‘हॅव’ पहिला, म्हणून वर्तमान. त्यापुढचे ‘बीन’ हे ‘बी’चे तिसरे रूप, म्हणून पूर्ण. ‘बीन’च्या पुढे ‘पॅकिंग’, म्हणजे आयएनजी, म्हणून चालू. उत्तर: चालू पूर्ण वर्तमानकाळ, कर्तरी. दुसऱ्या वाक्यात ‘हॅव बीन’पर्यंत सगळे तेच, पण ‘बीन’च्या पुढे ‘पॅक्ड’ हे तिसरे रूप आहे. म्हणजे चालूपणा कुठेच नाही. आहे तो कर्मणी प्रयोग. उत्तर: पूर्ण वर्तमानकाळ, कर्मणी. तिसऱ्यात ‘आर’ म्हणून वर्तमान, त्यापुढे ‘बीइंग’ म्हणून चालू, ‘बीइंग’पुढे ‘पॅक्ड’ म्हणून कर्मणी. उत्तर: चालू वर्तमानकाळ, कर्मणी.

तिन्ही वाक्यांत निर्णय ‘बी’च्या पुढच्या शब्दाने केला. बहुतेक चुका इथेच होतात, कारण डोळा ‘बीन’वर थांबतो आणि त्यापुढचा शब्द नुसता अर्थासाठी वाचला जातो. एकच शब्द दोनदा आला तरी हीच रीत चालते. ‘शी हॅड हॅड लंच’ यात पहिला ‘हॅड’ भूतकाळ सांगतो, दुसरा ‘हॅव’चे तिसरे रूप आहे, म्हणून पूर्ण भूतकाळ. ‘शी हॅज अ कार’ यात मात्र ‘हॅज’ एकटाच आहे, त्यापुढे क्रियापदच नाही. तो स्वतः मुख्य क्रियापद आहे आणि काळ साधा वर्तमान.

वेळदर्शक शब्दांवर विसंबण्याची सवय मला भाषांतराइतकीच घातक वाटते. ‘सिन्स’ किंवा ‘फॉर’ दिसले की चालू पूर्ण, ‘टुमॉरो’ दिसले की भविष्य, असे सोपे ठोकताळे वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलेले असतात. ‘आय हॅव नोन हिम सिन्स 2010’ यात ‘सिन्स’ आहे, पण ‘हॅव’पुढे ‘नोन’ आहे आणि आयएनजी कुठेच नाही. काळ नुसता पूर्ण वर्तमान. जाणणे, आवडणे, मालकीचे असणे अशा स्थिती सांगणारी इंग्रजी क्रियापदे सहसा चालू रूपात येतच नाहीत, त्यामुळे हा ठोकताळा त्यांच्या बाबतीत हमखास फसतो. ‘द ट्रेन लीव्ज ॲट सिक्स टुमॉरो’ मध्ये गाडी उद्याची, रूप साध्या वर्तमानाचे. आपल्या ‘उद्या जातो’चेच हे भावंड आहे.

काही ठिकाणी रूप स्वतःच लपलेले असते, आणि तिथे रेघेबाहेर पाहावे लागते. ‘ही पुट द बास्केट डाउन’ हा साधा भूतकाळ, कारण वर्तमानात ‘ही’सोबत ‘पुट्स’ आले असते. कर्ता ‘दे’ असता तर नुसत्या रूपावरून निर्णय होत नाही; मग ‘यस्टर्डे’ किंवा ‘एव्हरी डे’ असा शब्द शोधावाच लागतो. वेळदर्शक शब्दाचे खरे काम इथे आहे, रूप बोलत नाही तेव्हाचे. संक्षिप्त रूपांचेही तसेच. ‘शीज टोल्ड एव्हरीवन’ आणि ‘शीज टोल्ड एव्हरी डे’ यांत रेघेखाली तेच दोन शब्द आहेत. पहिल्यात पुढे कर्म आहे, तिने सगळ्यांना सांगितले आहे, म्हणून ‘शी हॅज टोल्ड’. दुसऱ्यात तिला रोज सांगितले जाते, म्हणून ‘शी इज टोल्ड’. पहिला पूर्ण वर्तमान, कर्तरी. दुसरा साधा वर्तमान, कर्मणी.

आणखी एक जागा खरोखर धूसर आहे. ‘द शॉप वॉज क्लोज्ड’ यात दुकान कुणीतरी बंद केले की ते बंद स्थितीत होते? ‘बाय द पोलीस’ जोडले तर कर्मणी स्पष्ट होते. ‘ऑल डे’ जोडले तर ‘क्लोज्ड’ हे विशेषणासारखे वागते. दोन्ही वाचनांत काळ साधा भूतच राहतो, वाद फक्त प्रयोगाचा उरतो. ‘वुड हॅव गॉन’सारख्या समूहाला मात्र शाळेच्या बारा खान्यांत जागाच नाही. तो घडला असता तर काय, हे सांगतो. बारापैकी एक निवडा म्हणून तो विचारणे हा प्रश्न काढणाऱ्याचा दोष आहे, विद्यार्थ्याचा नव्हे.

हे बारा खानेही अंतिम सत्य नाहीत. क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजीच्या बृहद् व्याकरणात काळ दोनच मानले आहेत, वर्तमान आणि भूत. कारण क्रियापदाच्या अंगावर प्रत्यय लागून होणारा बदल तेवढाच आहे. ‘विल’ हे वेगळे क्रियापद आहे, आणि पूर्ण व चालू हे काळ नसून क्रियेकडे पाहण्याच्या तऱ्हा आहेत. हे वाचून उत्तरपत्रिकेत ‘भविष्यकाळ नसतो’ असे कुणी लिहू नये. पण तीन काळ आणि चार प्रकार यांचा गुणाकार पाठ करण्यापेक्षा, पहिला शब्द काळाचा आणि पुढचे प्रकाराचे ही विभागणी समजून घेणे या विद्वानांच्या मांडणीच्या अधिक जवळ जाणारे आहे, आणि परीक्षेतही तेच टिकते.

पुढील वाक्ये सोडवताना वाचकांना एक विनंती आहे. आधी अर्थाकडे न जाता रेघेखालचा पहिला शब्द आणि मग प्रत्येक ‘हॅव’ व ‘बी’पुढचे रूप पेन्सिलीने खूण करून घ्यावे. प्रश्नार्थक वाक्यात कर्ता मध्ये घुसून साखळी तुटलेली दिसेल, तेव्हा कर्ता वगळून ती जोडून वाचावी. आणि उत्तर अर्धे लिहू नये: नुसते ‘पूर्ण’ किंवा नुसते ‘भूतकाळ’ न लिहिता प्रकार, काळ आणि विचारले असल्यास प्रयोग, अशा क्रमाने पूर्ण नाव लिहावे.