मानेवरचा, घोट्यावरचा जाड खाजरा चट्टा : मलम लावूनही का जात नाही?

मानेच्या मागच्या बाजूला किंवा पायाच्या घोट्याजवळ एकच काळपट, जाड चट्टा. दिवसा कामात असताना फारसा जाणवत नाही, पण रात्री अंथरुणात पडलं की खाज सुटते. खाजवलं की बरं वाटतं आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. असा चट्टा वर्षानुवर्षे अंगावर बाळगणारे अनेकजण आहेत. बहुतेकजण त्याला नायटा किंवा गजकर्ण समजतात. त्वचारोगतज्ज्ञ मात्र याला ‘लायकेन सिम्प्लेक्स क्रॉनिकस’ म्हणतात. हा आजार जंतूंमुळे किंवा बुरशीमुळे होत नाही, त्यामुळे तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तो टिकून राहतो तो खाजवण्यामुळे.

चट्टा जाड का होतो?

रोज कुदळ-फावडं धरणाऱ्याच्या तळहाताला घट्टे पडतात, कारण सतत घासलं की कातडी जाड होते. इथेही तेच होतं, फक्त घासणारी वस्तू म्हणजे आपलीच नखं. सुरुवात साधी असते. डास किंवा किडा चावतो, घाम साचतो, गळ्यातली खोट्या धातूची माळ घासते किंवा त्वचा कोरडी पडते. मूळ कारण निघून जातं, पण खाजवायची सवय राहते. जाड झालेल्या कातडीला खाज जास्त येते. मग पुन्हा खाजवलं जातं आणि कातडी आणखी जाड होते. त्वचेवरच्या रेषा खोल आणि ठळक दिसू लागतात. ताण, काळजी आणि अपुरी झोप असेल तर खाज वाढते. बरेचजण झोपेतही खाजवतात, त्यांना ते कळतसुद्धा नाही.

गजकर्णापेक्षा वेगळा कसा ओळखायचा?

गजकर्ण कडेने वाढत जातं. त्याची कड लाल, उठावदार असते आणि मधला भाग बऱ्याचदा साफ दिसतो. या आजारात चट्टा मध्यभागीच सर्वात जाड असतो आणि महिनोन् महिने एकाच जागी राहतो. तो नेहमी हात पोहोचेल अशाच ठिकाणी असतो. शंका असेल तर डॉक्टर चट्ट्यावरचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी आहे का ते पाहतात.

एक उदाहरण

समजा, पंचेचाळिशीच्या एका शेतकरी बाईंना खुरपणीच्या वेळी घोट्यावर किडा चावला. दोन वर्षांत तिथे तळहाताएवढा जाड चट्टा झाला. मेडिकलमधून आणलेल्या ‘थ्री-इन-वन’ ट्यूबने चार दिवस बरं वाटायचं, ट्यूब बंद केली की खाज परत. तपासणीत बुरशी सापडली नाही.

अशा वेळी डॉक्टर सहसा क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टेरॉइड मलम देतात. ते फक्त चट्ट्यावर, पातळ थरात, काही आठवडे लावायचं आणि मग सांगितल्याप्रमाणे हळूहळू कमी करायचं. मोठ्या माणसाच्या बोटाच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढं मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. म्हणजे या बाईंना त्याच्या निम्मंच पुरे. त्वचा कोरडी पडू नये म्हणून दिवसातून दोन-तीनदा व्हॅसलीन लावायचं. रात्रीच्या खाजेसाठी झोप आणणारी गोळी कधीकधी देतात.

पण नखं चालूच राहिली तर मलमाचा उपयोग होत नाही. म्हणून नखं बारीक कापायची आणि रात्री घोट्यावर सुती मोजा घालायचा. मानेवर चट्टा असेल तर मऊ सुती रुमाल सैल बांधता येतो. खाज आलीच तर खाजवायचं नाही, गार पाण्यात भिजवलेलं फडकं दाबून धरायचं.

पहिल्या दोन आठवड्यांत खाज कमी होते. कातडी पातळ व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो आणि काळा डाग तर काही महिने राहतो. खाज थांबली म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी मलम सोडलं, तर चट्टा परत येतो. डाग जावा म्हणून मलम लावत राहिलं, तर कातडी नाजूक होऊन फाटते. मुळात गजकर्णच असेल तर स्टेरॉइडने ते आणखी पसरतं. त्यामुळे घरात उरलेली किंवा शेजाऱ्याने दिलेली ट्यूब लावू नये.

डॉक्टरांकडे लगेच कधी जावं?

चट्ट्यातून पू किंवा पाणी येत असेल, जखम भरत नसेल किंवा चट्ट्यात कडक गाठ वाढत असेल तर थांबू नये. गाठ असल्यास छोटा तुकडा काढून तपासावा लागतो. मधुमेह असलेल्यांनी घोट्यावरची खाजवून झालेली जखम बारीक समजू नये. पायावर सूज आणि फुगलेल्या शिरा असतील, तर खाजेचं मूळ शिरांमध्ये असू शकतं. घरातल्या सगळ्यांनाच रात्री खाज सुटत असेल तर ती बहुधा खरूज असते. तिचा उपचार वेगळा असून तो सगळ्या घराने एकाच वेळी घ्यावा लागतो.