छापील अंदाजपत्रकांतले लाख आणि कोटि

शाळेंतून निवृत्त झालेल्या गणिताच्या शिक्षकाकडे गांवांतील संस्थांचे हिशेब तपासण्याचें काम न मागतां येतें. काहीं वर्षांपूर्वीं अशाच एका संस्थेच्या वार्षिक सभेंत एक सभासद छापील अंदाजपत्रक हातांत घेऊन उभे राहिले. खर्चाच्या बाबींची त्यांनीं केलेली बेरीज खालीं छापलेल्या एकूण रकमेपेक्षां एका लाखानें अधिक भरत होती. "हा लाख गेला कुठें?" असें त्यांनीं विचारलें, आणि साऱ्या सभेचे डोळे कोपऱ्यांत बसलेल्या वृद्ध कारकुनाकडे वळले. वह्या मीं स्वतः तपासलेल्या होत्या. त्यांत एका पैशाचाही फरक नव्हता. मीं खुलासा केला, तो त्या सभासदांना पटलाही. पण त्या कारकुनानें पुढें सभेला येणें सोडलें तें सोडलेंच. पैसा जागच्या जागीं असतां कागदावरचा लाख कसा हरवतो, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम स्वल्पविरामाकडे पाहूं. भास्कराचार्यांनीं लीलावतींत एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांचीं नांवें दिलीं आहेत. तेथें प्रत्येक दसपटीला स्वतंत्र नांव आहे. व्यवहाराच्या बोलींत मात्र दहा हजारांचें अयुत आणि दहा लाखांचें प्रयुत हीं नांवें मागें पडलीं, आणि हजार, लाख, कोटि हीं एकाआड एक नांवें टिकलीं. म्हणून आपला स्वल्पविराम उजवीकडून पहिल्यानें तीन अंकांनंतर व पुढें दर दोन अंकांनंतर पडतो. जेथें बोलतांना नांव बदलतें, तेथेंच छापतांना खूण येते. इंग्रजी पद्धतींत हजारानंतरचें नवें नांव थेट मिलियन, म्हणून तेथें तीन-तीन अंकांचे गट.

या दोन पद्धतींचा सांधा जुळविण्यासाठीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हिंदुस्थान सरकारच्या हिशेबांत एक मौजेची युक्ति चालत असे. एक पौंड म्हणजे दहा रुपये असें पूर्वीं समजत, म्हणून रकमा 'दहा-दहा रुपयां'च्या एककांत छापीत व रुपयाच्या खुणेला इंग्रजी एक्स हें अक्षर जोडीत. अशीं दहा लाख एककें म्हणजे बरोबर एक कोटि रुपये. म्हणजे लंडनच्या वाचकाचा मिलियन आणि आमचा कोटि एकाच आंकड्यांत बसले! परंतु चांदी उतरली, तसा रुपयाही उतरला; १८९९ सालीं पौंडाचा भाव पंधरा रुपये ठरला आणि युक्तीचा पायाच गेला.

आतां स्वतंत्र भारताचें पहिलें अंदाजपत्रक घेऊं. २६ नोव्हेंबर १९४७ रोजीं षण्मुखम् चेट्टी यांनीं तें मांडलें. १५ ऑगस्टपासून पुढील ३१ मार्चपर्यंत, म्हणजे साडेसात महिन्यांचेच तें होतें. महसूल १७१.१५ कोटि, खर्च १९७.३९ कोटि आणि तूट २६.२४ कोटि रुपये. महसुलाची रक्कम पूर्ण लिहिली तर १,७१,१५,००,००० अशी होते. कोटीनंतरचा स्वल्पविराम काढून तेथें दशांशचिन्ह ठेवलें कीं १७१.१५ मिळतात, आणि चिन्हापुढचे दोन अंक म्हणजे नेमके लाख. दोन-दोन अंकांच्या गटांचा हा मोठा सोयीचा गुण आहे: कोटींत दोन दशांशस्थळें दिलीं, कीं छापणारानें लाखापर्यंतचा हिशेब दिला, हें वाचणाराला उमगतें.

समजा, हेंच कोष्टक आपल्याला पूर्ण कोटींत छापावयाचें आहे. खर्चापैकीं संरक्षणाचे ९२.७४ कोटि होते. उरलेला सर्व खर्च १०४.६५ कोटि. अर्धा किंवा अधिक असेल तर वर चढवावें, कमी असेल तर सोडून द्यावें, हा शाळेंतला नियम लावला तर संरक्षणाचे ९३ आणि इतरांचे १०५ होतात. त्यांची बेरीज १९८. परंतु एकूण १९७.३९ ला तोच नियम लावला तर १९७ येतात! कोणीं चोरी केली नाहीं, कोणीं चूकही केली नाहीं, आणि एक कोटि रुपयांचें अंतर पडलें. दोन्ही बाबी वर चढल्या, एकूण रक्कम खालीं उतरली, इतकेंच. आमच्या संस्थेचा लाख असाच गेला होता.

अशा वेळीं छापणाराला मोह होतो, कीं १०५ चे १०४ करावे म्हणजे बेरीज जुळेल. हें करूं नये. १०४.६५ ला १०४ म्हणणें हें खोटें विधान आहे. बेरीज न जुळणें हें खोटें नाहीं. एकूण रक्कम मूळच्या पूर्ण आंकड्यांवरून काढावी, ती स्वतंत्रपणें पूर्णांकांत आणावी, आणि अंतर राहिलें तर तसें तळटीपेंत सांगावें. भारत सरकारच्या अंदाजपत्रकाच्या कागदांतही पूर्णांकनामुळें बेरीज न जुळण्याची टीप आढळते.

याहून वाईट प्रकार म्हणजे दोन बाजूंना दोन नियम. संसारी मनुष्याची संवय अशी, कीं मिळकत धरतांना सुटे सोडावे आणि खर्च धरतांना वर चढवावे. घरच्या वहींत हें शहाणपण आहे. तेंच वरील अंदाजपत्रकाला एका दशांशस्थळापर्यंत लावून पाहा: महसूल १७१.१, खर्च १९७.४, तूट २६.३. खरी तूट २६.२४, म्हणजे सहा लाख रुपयांची तूट नुसत्या लेखणीनें वाढली. उलट महसूल वर चढविला आणि खर्च कापला, तर १७१.२ आणि १९७.३, तूट २६.१, येथें चौदा लाख झांकले गेले. दोन्ही बाजूंना एकच नियम लावला, तर वर चढविण्याचा असो वा सोडण्याचा, या उदाहरणांत तूट २६.२ च येते. सर्वत्र इतकें सुरेख जमेल असें नाहीं, पण वाचणाराला निदान फरक कोठून आला हें शोधतां येतें.

बेरीज न जुळल्यास संशय केव्हां घ्यावा, यालाही माप आहे. शाळेंतल्या नियमानें प्रत्येक आंकड्यांत फार तर अर्ध्या एककाची चूक येते. दहा बाबी आणि एक बेरीज असे अकरा आंकडे असतील, तर फरक साडेपांच एककांपलीकडे जाऊंच शकत नाहीं. बहुधा तो एक-दोनाचाच असतो. त्याहून मोठा असेल तर मात्र वह्या मागवाव्या.

मध्यंतरीं आंकडे फार वाढले. २०२४-२५ च्या केंद्रीय अंदाजपत्रकांत एकूण खर्च ४८,२०,५१२ कोटि रुपये दाखविला होता. म्हणजे कोटींचीच संख्या लाखांत गेली, आणि वृत्तपत्रांनीं ती ४८.२१ लाख कोटि अशी छापली. भास्कराचार्यांच्या यादींत लाख कोटीला महापद्म हें नांव आहे. आम्हीं तें विसरलों म्हणून दोन नांवें जोडावीं लागतात. येथें दशांशापुढचा शेवटचा अंक हजार कोटींचा आहे, हें मात्र वाचतांना ध्यानांत असावें. ५१२ कोटि होते, त्यांचे हजार झाले. ४८८ कोटि नुसत्या सोयीसाठीं वाढले.

आमच्या संस्थेनें पुढच्या वर्षापासून कोष्टकाच्या डोक्यावर "रकमा लाख रुपयांत, पन्नास हजार व त्यावरील रक्कम वर धरली आहे, बेरजा मूळ रकमांवरून" अशी ओळ घातली. ती ओळ मीं त्या कारकुनाच्या घरीं जाऊन त्यांनाच लिहावयास लावली. त्यांनीं चष्मा पुसून ती दोनदां वाचली, आणि "मूळ" शब्दाखालीं एक रेघ ओढली.